बारा सेंटिमीटरची पट्टी

नवनाथ फराटेच्या दुकानाचं नाव 'भागुबाई इलेक्ट्रिकल्स' होतं. भागुबाई ही त्याची आई. तिनेच धाकट्याला दुकान काढून दिलं, म्हणून त्याने पाटीवर तिचं नाव घातलं. पण शिरूरच्या बाजारात मर्दाच्या दुकानावर भागुबाई लिहिलेलं पाहून लोकांना हसू आवरत नसे. एसटी स्टँडवरून येणारा प्रत्येक टवाळ दारात डोकावून विचारायचा, "भागुबाई आहेत का घरात?" नवनाथ शांतपणे उत्तर द्यायचा, "आहेत. काय देऊ, बल्ब का होल्डर?" विचारणारा ओशाळून एखादा बल्ब घेऊन जायचा. पहिल्या वर्षी बल्बचा खप बराचसा या एका प्रश्नावर झाला.

त्याच्या दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस होतं. विक्रीकराची विवरणपत्रं भरणं हा माझा धंदा. दुपारी वर पत्रा तापला की मी खाली त्याच्या पंख्याखाली येऊन बसत असे. नवनाथ बी.कॉम.ला कॉस्टिंगमध्ये एकदा नापास झाला होता आणि दुसऱ्यांदा काठावर पास झाला होता. त्याचा त्या विषयावर राग होता. तो म्हणायचा, "साहेब, पुस्तकात किंमत आकड्यात असते. गिऱ्हाईकाला आकडा दिसत नाही. त्याला वाटतं, सगळे पैसे दुकानदाराच्याच खिशात जातात. माझा खिसा बघा की एकदा उलटा करून." हे तो अंगातला शर्ट झटकून म्हणायचा आणि खिशातून एखादा स्क्रू खाली पडायचा.

वयाच्या पंचविशीतच त्याला टक्कल पडायला सुरुवात झाली होती. ती घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे, असं त्याचं मत होतं.

ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यातली. पाबळच्या अलीकडच्या एका वस्तीत बुद्धविहाराचं काम पुरं होत आलं होतं. पौर्णिमेला उद्घाटन होतं. विहारात आठ पंखे लावायचे होते आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पंख्याला एक दाता होता. दात्याचं नाव पंख्याच्या पात्यावर रंगवतात. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, बंद असला की दिसतं. त्यामुळे दात्याला पंखा सुरू असावा की बंद, हे नेमकं ठरवता येत नाही.

आठांपैकी सात दात्यांनी पैसे दिले होते. आठवा दाता सर्जेराव. त्याने पंचायत समितीच्या निवडणुकीत प्रचाराला येऊन वस्तीसमोर छातीवर हात ठेवून एक पंखा जाहीर केला. निकालात तो पडला आणि पंख्याचं नावही त्याने परत काढलं नाही.

पैशाची जबाबदारी पुतळाबाईंकडे होती. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळाला आडवी आठी. विहार समितीत पहिल्यांदाच बाई खजिनदार झाली होती. सर्जेराव फिरकत नाही हे कळल्यावर बैठकीत कुणी तरी म्हणालं, सात पंखे लावू, आठव्याचा हूक तसाच राहू दे. पुतळाबाई उठून म्हणाल्या, "पौर्णिमेला आठ फिरतील. न्हाई फिरले तर पिशवी दुसऱ्याच्या हातात द्या." मागून एक जण लगेच म्हणाला की पिशवी घ्यायला मी तयार आहे. हा जालिंदर.

जालिंदर त्यांच्या नात्यातलाच. दिवसा सणसवाडीच्या कंपनीत मेंटेनन्सला, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव वायरिंग. बोलायला गोड, केसाला तेल, खिशाला टेस्टर. त्याने बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "विहाराच्या वायरिंगची मजुरी मी एक रुपया घेणार न्हाई. समाजासाठी फुकट." टाळ्या पडल्या होत्या.

सोमवारी जालिंदरच्या कंपनीला सुट्टी होती. सकाळी दुकान उघडताच तो एकटाच आला. तेव्हा मी माडीचं कुलूप काढत होतो.

"नवनाथशेठ, दुपारी आमची मावशी येतीय. विहाराचा माल. यादी मीच लिवलीय." आवाज खाली आणून तो म्हणाला, "आपलं नेहमीचं ठेवा."

"विहाराला पण?" नवनाथने विचारलं.

"मजुरी न्हाई घेत ना मी! मग पेट्रोल काय आभाळातनं पडतंय?"

"बरं," नवनाथ म्हणाला. तो शब्द त्याला दुपारी महागात पडणार होता.

आपल्याकडच्या बहुतेक वायरमनांचं असं नेहमीचं असतं. गिऱ्हाईक वायरमनला विचारतं, माल कुठून घेऊ? वायरमन ज्या दुकानाचं नाव सांगतो, तो दुकानदार मागाहून वायरमनला त्याचा वाटा देतो. दुकानदार ते स्वतःच्या घरून देत नाही. ते किमतीतच असतं. गिऱ्हाईक देतं, फक्त त्याला माहीत नसतं. यात कुणी चोर नाही असं सगळे म्हणतात, म्हणून कुणी त्याविषयी बोलतही नाही.

दुपारी तिघं आले. पुढे पुतळाबाई, काखेत पिशवी. त्यांच्या मागे चांगदेव आप्पा, दौंडला रेल्वेत जन्म काढून निवृत्त झालेले, समितीचे अध्यक्ष. सगळ्यात मागे जालिंदर, दुकानात आयुष्यात पहिल्यांदाच आल्यासारखा इकडेतिकडे बघत.

"जय भीम, मावशी. बसा," नवनाथ म्हणाला.

"बसून भाव कमी व्हतो का?" पुतळाबाई.

"नाही."

"मग उभी बरी हाय."

नवनाथने यादीवरून हिशोब केला. आठ पंखे, एक हजार पन्नासने, आठ हजार चारशे. वायर, पट्ट्या, स्विच, बोर्ड, रेग्युलेटर, ट्यूब असं वायरिंगचं सामान पाच हजार सहाशे. एकूण चौदा हजार.

"माझ्याकडं बारा हजार सहाशे हायेत," पुतळाबाई म्हणाल्या. "आन् आठ पंखे पायजेत."

"मावशी, सात घ्या, बसतंय."

"सात घ्यायला मला कशाला यायचं व्हतं? जालिंदरनं बी आणलं असतं सात."

चांगदेव आप्पांनी घसा साफ केला. "पंख्यावर दहा टक्के सोड. पुण्यात तपकीर गल्लीत सोडत्यात. मी बघितलंय."

"आप्पा, कधी बघितलं?"

"डिझेल इंजिन नवीन आलं तवा."

"तेव्हा पंखे तरी होते का?" नवनाथ म्हणाला. मग त्याने एक पंख्याचा खोका उचलून गल्ल्यावर ठेवला. "हे बघा. छापील किंमत अकराशे वीस. मी एक हजार पन्नासलाच देतो. मला पुण्याहून पडतो नऊशे चाळीसला. टेम्पो आणि हमाली दहा. झाले नऊशे पन्नास. कर कंपनीनं वरच भरलाय, तो यातच आला. आता दुकानाचं भाडं, लाइट, कामाला आहे तो पोऱ्या, आणि एखादा पंखा कुरकुरला तर गॅरंटीत तो पुण्याला नेऊन परत आणायचा. पंख्यामागे पंचेचाळीस खर्च. राहिले पंचावन्न. आप्पा म्हणतात दहा टक्के सोड. दहा टक्के म्हणजे एकशे पाच. मला मिळतात पंचावन्न आणि मी सोडायचे एकशे पाच?"

"दहा टक्के म्हंजी लई वाटत न्हाई ऐकायला," आप्पा म्हणाले.

"टक्के सगळ्या किमतीवर मागता तुम्ही. नफा तेवढ्या किमतीवर कुठं असतो? तो तळाशी असतो, चिमूटभर."

पुतळाबाईंनी खोक्याकडे बघितलं. "मग पंख्यावर सुटतच न्हाई?"

"सुटतं. पण कशात सुटतं ते बघा. तुम्ही रोख देताय ना?" पुतळाबाईंनी काखेतली पिशवी आणखी घट्ट धरली, ते उत्तर समजून नवनाथ पुढे म्हणाला, "आठवड्यात रोख पोचवले तर पुण्याचा डीलर मला दोन टक्के सोडतो. एका पंख्यामागे जवळजवळ एकोणीस. आणि आठ पंखे एकाच खेपेला गेले तर माझा खर्च आठपट होत नाही. एक पावती, एक टेम्पो. तेही धरून पंख्यामागे पन्नास सोडतो. हजाराला एक. आठाला चारशे सुटले."

"हजार रुपये अजून कमीच," पुतळाबाई म्हणाल्या. हिशोब त्यांच्या डोक्यात आधीच झाला होता.

"मावशी, खरं सांगू? तुम्ही चुकीच्या वस्तूवर भांडताय. सगळी दुनिया पंख्यावर भांडते. कंपनीचं नाव असतं, भाव सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर आम्हाला काही उरत नाही. वायर आणि स्विचवर कुणी तोंड उघडत नाही. आम्ही जगतो ते स्विचवर."

हे वाक्य बोलताना तो गुंग झाला होता. कॉस्टिंगवरचा जुना राग. मी स्टुलावरून बघत होतो आणि मला जालिंदर दिसत होता. त्याने टेस्टर खिशातून काढून परत खिशात ठेवला.

"मग स्विचचं दाव," पुतळाबाई म्हणाल्या.

नवनाथने कोपऱ्यातून प्लास्टिकची केसिंग-पट्टी ओढली. भिंतीवर वायरी झाकायला लावतात ती, पांढरी, पोकळ. फुटपट्टीने मोजून एक मीटरचा तुकडा कापला आणि गल्ल्यावर आडवा ठेवला.

"हे शंभर सेंटिमीटर. म्हणजे स्विचचे शंभर रुपये समजा. सेंटिमीटरला रुपया." पेन्सिलीची खूण करून त्याने करवत चालवली. लांब तुकडा बाजूला झाला. "हे अडुसष्ट. कंपनी आणि पुण्याचा डीलर. इथं माझा हात पोचत नाही." मग इवलासा तुकडा. "हे दोन. टेम्पो." मग थोडा मोठा. "हे आठ. दुकानाचं भाडं आणि बाकीचं."

गल्ल्यावर उरला तो तुकडा सगळ्यांना दिसत होता.

"आन् हा?" पुतळाबाई.

नवनाथची करवत थांबली. सकाळचं 'बरं' त्याला आठवलं असावं. तो म्हणाला, "हा आपला... दुकानाचा."

"किती हाय?"

"बावीस."

"बावीस?" पुतळाबाईंनी आता पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि बसल्या. "पंख्यावर पाच आन् स्विचवर बावीस? अन् मघा पंचावन्न रुपयांसाठी डोळ्यात पाणी आणलंस व्हय रं?"

आप्पा उत्साहाने पुढे सरकले. "बावीसातलं अठरा सोड. चार लई झालं तुला."

"अहो आप्पा, सगळे माझे नसतात!"

"आत्ताच म्हणालास तुझे."

आकड्यात लपवता येतं ते पट्टीत लपवता येत नव्हतं. पट्टी शंभरच होती. जालिंदरचा वाटा झाकायचा तर तो नवनाथच्या तुकड्यातच ठेवावा लागणार, आणि मग बावीस त्याचे दिसणार, आणि बावीस दिसले की गिऱ्हाईक वीस मागणार. दिले तर नवनाथ गेला, नाही दिले तर गिऱ्हाईक पुण्याला गेलं. त्याने जालिंदरकडे पाहिलं. जालिंदर वरच्या ट्यूबलाइटकडे बघत होता, जणू ट्यूब पहिल्यांदाच बघतोय. मग तो खोकला. खोकल्याचा अर्थ स्पष्ट होता. कापू नको.

नवनाथने पट्टीवर दहावर खूण केली आणि कापली.

"हे दहा माझे," तो म्हणाला. "आणि हे बारा."

बारा सेंटिमीटरचा तुकडा गल्ल्यावर एकटाच राहिला. बाहेर एसटी वळली, तिचा हॉर्न वाजला.

पुतळाबाईंनी तो तुकडा उचलला. "हा कुणाचा?"

"मावशी, ती एक रीत असते."

"रीत बारा रुपये खाती व्हय? कुणाचा, ते इचारलं मी."

"नाव नाही सांगणार मी," नवनाथ म्हणाला. "जो गिऱ्हाईक दुकानात आणतो, त्याचा."

पुतळाबाईंनी आप्पांकडे वळून विचारलं, "आप्पा, आज गिऱ्हाईक कुणी आणलं?"

"तू आणलंस की. एसटीचं तिकीट तू काढलंस. माझं बी. जालिंदर तर इथं स्टँडवर भेटला."

"मग हा माझा," पुतळाबाई म्हणाल्या आणि पट्टीचा तुकडा पिशवीत टाकला.

"मावशी," जालिंदर मध्येच म्हणाला, "तसं नसतंय ते."

"मग कसं असतंय? तुला ठावं हाय का? सांग की, आप्पांना बी कळंल."

आप्पा खरंच कान पुढे करून बसले होते. त्यांना खरोखर काही कळलं नव्हतं. भर बैठकीत घेतलेल्या टाळ्या जालिंदरला आता परत करता येत नव्हत्या.

"न्हाई," तो म्हणाला, "म्हंजी... तुझाच हाय."

"बघ, वायरमन माणूस सांगतोय," पुतळाबाई नवनाथला म्हणाल्या. "पाच हजार सहाशेवर बारानं किती?"

"सहाशे बहात्तर."

"चारशे आन् सहाशे बहात्तर. अजून तीनशे अठ्ठावीस कमी. आता तुझ्या दहाच्या तुकड्याकडं बघू."

नवनाथने दहाचा तुकडा पटकन हातात घेतला. "यातले दोन सोडतो."

"आठ."

"आठ सोडले तर मी दोन रुपयांवर बसू का? स्विच जळाला तर बदलून कोण देणार? तीन."

"सहा सोड, आन् आठव्या पंख्यावर तुझं नाव रंगवते."

नवनाथ घुटमळला. तो हळूच म्हणाला, "माझं नको. आईचं लिहा."

"आईचं? लई माया दिसती रं..." पुतळाबाईंची नजर दारावरच्या पाटीकडे गेली आणि परत नवनाथवर आली. "भागुबाई! म्हंजी विहारात दुकानाची जाहिरात? फुकटात?"

"फुकटात कुठं? सहा टक्के सोडतोय."

मी हसू दाबलं. ज्या विषयात हा नापास झाला होता त्यात याला आज मी पहिला वर्ग दिला असता. सूट म्हणून गेले ते तीनशे छत्तीस रुपये त्याने बघता बघता जाहिरातीच्या खर्चात टाकले होते.

"नुसतं भागुबाई लिवीन," पुतळाबाई म्हणाल्या. "इलेक्ट्रिकल्स न्हाई लिवणार."

"चालेल."

चौदा हजारातून चौदाशे आठ वजा झाले. बारा हजार पाचशे ब्याण्णव. पुतळाबाईंनी पिशवीतून गठ्ठे काढून दिले. उरलेले आठ रुपये त्यांनी गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "चार अर्धे चहा सांग. जालिंदरला साखर जास्त. त्येचं तोंड कडू झालंय."

ते गेल्यावर जालिंदर पाच मिनिटांनी एकटाच परत आला.

"शेठ, शब्द दिला व्हता तुम्ही."

"नाव घेतलं का मी तुझं?"

"कापलं कशाला मग?"

"न कापता माझा बळी गेला असता. आणि तू का गप्प बसलास? म्हणायचं होतंस, मी मजुरी घेत नाही, म्हणून हे बारा घेतो. मावशीनं दिले असते."

"फुकट म्हणालो व्हतो ना मी!" जालिंदर ओरडला आणि तसाच निघून गेला. जाताना म्हणाला की शिरूरमधला एक वायरमन तुमची पायरी चढणार नाही. एक म्हणजे तो स्वतः असावा, कारण बाकीचे येत राहिले.

नवनाथ त्या दिवशी बराच वेळ पट्टीचे उरलेले तुकडे जुळवत बसला होता. बारा सेंटिमीटरची फट काही भरत नव्हती. "साहेब, गिऱ्हाईक मिळालं का गेलं, काही कळत नाही," असं तो दोनदा म्हणाला. मला सांगता आलं असतं, पण तो धंदा त्याचा होता.

पौर्णिमेच्या आधी दोन दिवस नवनाथ स्वतः विहारात गेला, एक ट्यूब बदलून द्यायची होती म्हणून. मीही स्कूटरवर मागे बसलो. जालिंदर शिडीवर होता. फुगलेल्या तोंडाने का होईना, काम त्याने स्वच्छ केलं होतं, वायर कुठे लोंबत नव्हती. शेवटचा बोर्ड दाराजवळ होता. बोर्ड आणि वरची पट्टी यांच्यामध्ये थोडीशी वायर उघडी राहिली होती.

"पट्टी संपली," जालिंदर वरून म्हणाला. "इतभर बी न्हाई, बारीकसाच तुकडा पायजे. आता शिरूरला जावं लागंल."

पुतळाबाई खाली सतरंजी झटकत होत्या. त्यांनी कोनाड्यातली पिशवी उचलली, आत हात घातला आणि पांढरा तुकडा वर केला.

"हा बसतो का बघ."

जालिंदरने वरून पाहिलं. तुकडा ओळखायला त्याला वेळ लागला नाही. नवनाथ बदललेली ट्यूब हातात धरून तसाच उभा राहिला.

"घे की," पुतळाबाई म्हणाल्या. "तुझाच हाय."

आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच जालिंदरला तो जास्त लागला. त्याने तुकडा घेतला, फटीवर धरला, एका टोकाला नखभर जास्त होता तो करवतीने काढला आणि दोन खिळे मारले. खाली उतरून तो नवनाथसमोर येऊन उभा राहिला.

"शेठ, इथनं पुढं मी मजुरी सांगूनच घेणार," तो म्हणाला. "फुकटचं लई महाग पडतंय."

"घे. आणि माझ्याकडं ये. तुझे बारा टक्के गिऱ्हाईकाला पावतीतच सोडतो, मग मजुरी द्यायला त्याचा हात आखडणार नाही."

जालिंदर विचार करतो म्हणाला. महिन्याभराने आला.

उद्घाटनाच्या दिवशी उकाडा असा होता की लोक टोप्यांनी वारा घेत होते, पण पंखे सुरू करायला कुणी तयार नव्हतं. आधी नावं वाचायची होती. चांगदेव आप्पांनी रेल्वेच्या गाडीची घोषणा करावी तशी एकेक पात्यावरची नावं वाचली. एका दात्याचं नाव चुकीच्या बाजूला फिरलं होतं, तर त्याने पंखा हाताने सरळ करून घेतला. सगळे घामाने निथळत टाळ्या वाजवत होते.

आठव्या पंख्याशी आप्पा थांबले. एका पात्यावर लिहिलं होतं, 'जालिंदर'. दुसऱ्यावर, 'भागुबाई'. तिसरं पातं कोरं होतं.

"हे कुणाचं?" आप्पांनी विचारलं.

"सर्जेरावांचं," पुतळाबाई म्हणाल्या. "पैसे आले की रंगवू. हुकाला पंखा हाय, पात्याला जागा हाय. त्येंची वाट बघायला आपलं काय जातंय?"

मग त्यांनी बटण दाबलं. आठही पंखे फिरले.

ते पातं अजून कोरंच आहे. वस्तीवर निवडणुकीचं भाषण करायला जो येतो त्याला पुतळाबाई आधी त्या पंख्याखाली बसवतात, आणि पंखा बंद ठेवतात.